सर्व्हिसिंगला टाकली तर पुढचा डावा टायर आतून टक्कल! अलाइनमेंट तर तीन महिन्यांपूर्वीच केलं होतं

सुदामानगरची

नमस्कार मंडळी. शनिवारी गाडी नेहमीच्या सर्व्हिसिंगला टाकली. ऑइल, फिल्टर, ब्रेक साफ, एवढंच काम होतं. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन पुण्याला जायचंय म्हणून जरा आधीच उरकलं. छोटी हॅचबॅक आहे, ३१,००० किमी झालेत, टायर कंपनीतून आलेलेच. रोज इंदूर ते पीथमपूर जाऊन-येऊन ५५ किमी होतात.

अन्नपूर्णा रोडच्या आतल्या गल्लीतले आमचे मिस्त्रीकाका आमच्या बाबांच्या स्कूटरपासूनचे. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली आणि मला हाक मारली, "ताई, चहा राहू द्या, आधी इकडे या." त्यानंतर जे बोलणं झालं ते जसं आठवतंय तसं लिहिते, कारण मला अजून सगळं पटलेलं नाही आणि खर्च बराच आहे.

काकांनी पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या कडेवर बॅटरी मारली. बाहेरून तो टायर अगदी धडधाकट दिसतो, नक्षी व्यवस्थित. आतल्या बाजूची दोन बोटं रुंदीची पट्टी मात्र पाटीसारखी गुळगुळीत!

मी म्हटलं, "काका, मी दर रविवारी गाडी धुते. मला कसं दिसलं नाही?"

"तुम्हालाच काय, मलाही खाली उभं राहून दिसलं नसतं. ही कड गाडीच्या पोटाकडे असते. घरी बघायचं तर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण कापायचं आणि टायरसमोर उकिडवं बसून मोबाइलचा टॉर्च मारायचा."

मग त्यांनी गेज लावून मापं पाटीवर खडूनं लिहिली. डावा: बाहेर ५.२ मिमी, मध्ये ४.९, आत १.४. उजवा: बाहेर ५.०, मध्ये ४.९, आत ३.७. मागचे दोन्ही सगळीकडे सारखे.

मी आधी हवेलाच दोष दिला. काका म्हणाले, "हवा कमी असती तर दोन्ही कडा खाल्ल्या असत्या. जास्त असती तर मधला भाग. एकच कड खाल्ली म्हणजे चाक वाकडं चालतंय. आता डोळे मिटा आणि टायरवर हात फिरवा. आतून बाहेर." फिरवला. गुळगुळीत लागला. "आता बाहेरून आत." बोटांना प्रत्येक खाचेची धार लागली, करवतीच्या दातांवरून उलटा हात गेल्यासारखी. उजव्या टायरवरही तसंच, फक्त कमी. "चाकांची तोंडं बाहेरच्या बाजूला फाकलीयत, ताई. टायर नुसता गोल फिरत नाही, फिरता फिरता रस्त्यावर आडवा घासतोय."

इथे माझा पारा चढला. तीन महिन्यांपूर्वी रिंग रोडवरच्या एका दुकानात कॉम्प्युटर अलाइनमेंट केलं होतं. पावती गाडीच्या कप्प्यातच होती, पुढच्या चाकांच्या टोचे, म्हणजे चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलीयत त्याचे, आकडे हिरवे. मी ती काकांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, "कागद खोटा नाही. पण हा उभ्या गाडीचा फोटो आहे. तुमची गाडी चालताना बिघडते."

मग त्यांनी लांब टॉमी घेतली, डाव्या लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याच्या, मागच्या रबरी बुशपाशी अडकवली आणि दाबली. आर्म मागे सरकला, चांगला बोटभर. सोडल्यावर परत जागेवर. उजवीकडे तेवढाच जोर लावला तर जेमतेम हलला. डावीकडचं रबर अर्धं फाटलंय, आणि त्या फाटीत वाळून दगड झालेली माती. काका म्हणाले, "ब्रेक मारला की रस्ता चाकाला मागे ढकलतो. बुशनं ते धरून ठेवायचं, पण हे बुश सोडून देतंय. चाक मागे गेलं, स्टिअरिंगच्या टाय रॉडनं त्याची मागची बाजू आत धरली, की तोंड बाहेर. गाडी थांबली की सगळं परत सरळ. मग मशीनला काय दिसणार?"

मला लगेच आठवलं, चार-पाच महिन्यांपासून जोरात ब्रेक मारला की गाडी डावीकडे झुकते आणि स्पीडब्रेकरवर 'खट' असा आवाज येतो. मला वाटलं, गाडी जुनी होतेय.

काकांचं म्हणणं: डावा लोअर आर्म बदला, पुढचे दोन्ही टायर बदला, मग अलाइनमेंट, आणि याच क्रमानं. आर्म २,३०० चा, टायर वेगळे, मजुरी वेगळी. मी विचारलं, पुण्याहून आल्यावर केलं तर? ते म्हणाले, "भिया, सेंधव्याचा बिजासन घाट आहे वाटेत. आईला घेऊन जाताय न? मग मला विचारू नका." (काका चिडले की ताईची भिया होते.)

माझे प्रश्न. एकाच बुशनं एवढं होतं का? होत असेल तर डावाच टायर एवढा का गेला? आणि अलाइनमेंटवाल्याला हे तेव्हा दिसायला नको होतं का?

हवापाणी

ताई, एवढं घाबरू नका. ९० टक्के वेळा भानगड हवेची असते. पंपावरची पोरं अंदाजपंचे भरतात. मी नायट्रोजन भरतो, चार वर्षांत एकही टायर असा गेला नाही. आणि अलाइनमेंट दर ५,००० ला केलंच पाहिजे. तुम्ही केलंत म्हणता, पण त्या दुकानदारानं नुसता कागद छापून दिला असेल. मिस्त्री लोकांना आर्म विकायचा असतो हेही लक्षात ठेवा.

पाना_सतरा

हवापाणी, हवा तपासावी हे बरोबर. पण ताईंच्या मापात मधला भाग आणि बाहेरची कड जवळजवळ सारखी आहे. हवेनं अशी एकच कड जात नाही, नायट्रोजन असो की पंपावरची. पोस्ट पुन्हा वाचा.

मी बडोद्याला एकोणीस वर्षं अलाइनमेंटच्या मशीनवर काढली, आता मुलगा बघतो. ताई, तुमचे मिस्त्री जाणकार आहेत. हात फिरवून दिशा सांगणारे आता कमी राहिले. हाताला आतून बाहेर गुळगुळीत आणि बाहेरून आत धार लागली तर तोंडं फाकलेली, उलट असेल तर मिटलेली. आमचं मशीन लाखो रुपयांचं, पण चाललेल्या हजारो किलोमीटरचा हिशोब टायरच सांगतो.

एका बुशनं एवढं होतं का, याचा साधा हिशोब करू. चाकाचं तोंड पाव अंश बाहेर आहे असं धरा. पाव अंश डोळ्याला दिसतसुद्धा नाही. तरी एक किलोमीटर चालताना ते चाक साधारण साडेचार मीटर आडवं घासलं जातं. तुमचे रोजचे ५५ किमी म्हणजे दिवसाला जवळजवळ २४० मीटर टायर रस्त्यावर आडवा ओढल्यासारखं झालं. तुमचं चाक सतत फाकलेलं नसतं, फक्त ब्रेकच्या वेळी, त्यामुळे खरा आकडा पुष्कळ कमी. पण ब्रेकच्या वेळीच पुढच्या टायरवर वजन जास्त येतं, तेव्हा घासणंही जास्त.

तुमच्या मिस्त्रींच्या एका गोष्टीवर मात्र मी थांबलो, म्हणजे ते ज्यावर काही बोलले नाहीत त्यावर. नुसती तोंडं फाकलेली असतील तर झीज दोन्ही पुढच्या टायरवर साधारण सारखी वाटली जाते. डावं चाक डावीकडे बघायला लागलं की गाडी डावीकडे जाते, तुम्ही नकळत स्टिअरिंग उजवीकडे धरता, म्हणजे फाकणं अर्धं अर्धं होतं. तुमच्या उजव्या टायरची आतली कड १.३ मिमीनं जास्त गेलीय, तो बुशचा वाटा म्हणू. पण डावीकडे ३.८ चा फरक आहे. उरलेले अडीच मिमी कुठून आले? माझा संशय कॅम्बरवर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललाय. ज्या खड्ड्यानं बुश फाडलं त्यानंच स्ट्रट, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरचा उभा खांब, किंवा चाक ज्यावर बसतं ते नकल किंचित वाकवलं असेल. डावं चाक रस्त्याच्या कडेला चालतं, खड्डे त्याच्याच नशिबी.

पावतीवर कॅम्बरचा आकडा असेल. बघून सांगा.

सुदामानगरची

पाना दादा, बघितलं. टोच्या खाली बारीक अक्षरात आहे: डावा उणे १ अंश २५ मिनिटं, उजवा उणे ० अंश ३० मिनिटं. आणि डावा आकडा लाल आहे! मी फक्त वरचं हिरवं बघितलं होतं. दुकानातल्या पोराला तेव्हा विचारल्याचं आठवतंय, तो म्हणाला, "वो इस गाडी में सेट नहीं होता मॅडम, चलता है."

पाना_सतरा

तो अर्धं खरं बोलला. बऱ्याच छोट्या गाड्यांत कंपनी कॅम्बरला ॲडजस्टमेंट देत नाही, टाय रॉड फिरवून फक्त टो बसवता येतो. पण 'सेट होत नाही' याचा अर्थ 'चालतं' असा नाही. सेट होत नाही आणि तरीही बिघडलाय, म्हणजे काहीतरी वाकलंय किंवा सरकलंय, ते शोधायला हवं. आमच्या धंद्यात इथेच आळस होतो. ग्राहकाला हिरवं दाखवायचं, चारशे-पाचशे घ्यायचे, पुढची गाडी. खरं तर मशीनवर घेण्याआधी चाक वर-खाली आणि आडवं हलवून, आर्मला टॉमी लावून ढिलाई बघायची असते. ढिल्या गाडीचं अलाइनमेंट म्हणजे हलत्या बाकावर बसून सुईत दोरा ओवणं.

त्या दुकानाला दोष द्यायचा का? कॅम्बरचा लाल आकडा न सांगणं, ही चूक नक्की. बुश तेव्हा फाटलेलं होतं का हे आज कोणी छातीठोक सांगू शकणार नाही.

सुदामानगरची

फाटीतली माती दगड झालेली होती, ती तीन महिन्यांची वाटत नव्हती.

पाना_सतरा

वाटत नसेल. पण एका पावसात आणि दोन उन्हांतही तशी होते. मी पैज लावणार नाही.

ग्वाल्हेरकर_बंड्या

छान चर्चा. माझ्या स्कूटरचा मागचा टायर मधोमध सपाट झालाय आणि पुढचा मात्र नवा दिसतो. हे पण अलाइनमेंटमुळेच का? इथे कॉम्प्युटरवाला म्हणतो स्कूटरचं करत नाही.

पाना_सतरा

बंड्या, मागच्या चाकाला इंजिन ढकलतं आणि वजनही तिथेच बसतं, त्यामुळे तो आधी जातो. सरळ रस्त्यावर चालली की मधूनच जातो. त्यात काही बिघाड नाही. टायर बदला.

मधला_मार्ग

ताई, खर्च वाचवायचा एक उपाय. डावा टायर रिमवरून काढून उलटा चढवा, म्हणजे आतली कड बाहेर. आमच्याकडे टॅक्सीवाले सर्रास करतात. टायर अजून ८-१० हजार किमी जातो.

पाना_सतरा

उजव्यासाठी चालेल, डाव्यासाठी नाही. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायरच्या कडेवर टीडब्ल्यूआय किंवा त्रिकोणाची खूण असते त्या रेषेत. ते १.६ मिमीचे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. ताईंची कड १.४ वर आहे. उलटा करून ती बाहेर आणली तरी ती १.४ च राहणार, आणि वळणावर भार बाहेरच्या कडेवर येतो. ओल्या रस्त्यावर पाणी काढायला तिथे खाचच नाही.

उजवा उलटा करायचा असेल तर त्याच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण किंवा 'आउटसाइड' असं लिहिलंय का ते आधी बघायचं. असेल तर नाही.

हवापाणी

बरं, माझी हवा गेली असं समजा. पण एक सांगा, नवे दोन टायर पुढे की मागे? आमच्याकडे सगळे पुढेच टाकतात, इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे. टायर कंपन्या म्हणतात मागे टाका. कोण खरं?

पाना_सतरा

कंपन्यांचं कारण असं की ओल्या रस्त्यावर मागचं सुटलं तर साध्या ड्रायव्हरला गाडी सावरत नाही, पुढचं सुटलं तर निदान वेग कमी करता येतो. मला ते पटतं. मुलाला पटत नाही, तो पुढेच टाकतो. जेवताना यावरून आमचं वाजतं.

मधला_मार्ग

मी मुलाच्या बाजूनं. घाटात ब्रेक पुढचेच जास्त लागतात.

सुदामानगरची

काल काम झालं. सुट्टी टाकून पूर्ण वेळ गॅरेजमध्ये बसले, म्हणून सविस्तर लिहिते.

पाना दादांचं कॅम्बरचं म्हणणं काकांना वाचून दाखवलं. आधी जरा रागावले ("बडोद्यात बसून माझी गाडी बघतायत?"), मग गप्प झाले आणि डावा स्ट्रट खालपासून वरपर्यंत हातानं चाचपला. म्हणाले, "वाकलेला हाताला लागत नाही. पण बरोबर आहे त्यांचं. उजवा टायर मी नीट वाचला नाही."

नवा आर्म बसवला. एक गोष्ट मला फार आवडली. आर्मचे बोल्ट त्यांनी लिफ्टवर नुसते हातानं लावले. मी विचारलं, कसत का नाही? "चाक लटकत असताना आर्म खाली झुकलेला असतो. आत्ता कसलं तर बुशचं रबर त्याच झोकात अडकेल. मग गाडी जमिनीवर आली की ते पिळलेलं राहील आणि वर्षभरात फाटेल. पहिलं गाडीचं वजन चाकावर, मग कसायचं." गाडी खाली घेतली, पुढून दोन-चारदा दाबून झुलवली, मग खाली शिरून लांब पान्यानं कसले. त्यांच्या पोराला हे तिसऱ्यांदा सांगतोय असं म्हणाले. पोरगं मोबाइलमध्ये.

मग टायर. दोन नवे घेतले. पुढे-मागेच्या वादात काकांनी मागे टाकले आणि मागचे चांगले, सारखे झिजलेले पुढे आणले. पुढचा उजवा घरी ठेवलाय, स्टेपनी जुनी झाली की बघू. डावा तिथेच दिला. त्यांच्या पोरानं तो गॅरेजच्या दारात कुंडीसाठी मागितला.

त्यानंतर दुसऱ्या दुकानात अलाइनमेंटला गेलो, काका सोबत आले. आधी चारही टायरची हवा सारखी केली. पहिलं माप: टो एकूण १८ मिनिटं बाहेर, डावा कॅम्बर अजूनही उणे १ अंश २० मिनिटं. म्हणजे आर्म बदलून कॅम्बर जवळजवळ जागचा हलला नाही. आमच्या गाडीच्या पुस्तकात कॅम्बर शून्याच्या एक अंश अलीकडे-पलीकडे चालतो असं लिहिलंय.

काका म्हणाले, स्ट्रट नकलला जोडणारे दोन बोल्ट ढिले करा. भोकांत थोडी मोकळीक असते. चाकाचा वरचा भाग बाहेर ओढून धरला आणि तसेच कसले. माप उणे ० अंश ५५ मिनिटं. लाल गेला. त्यानंतर टो बसवला, आता एकूण २ मिनिटं आत. टाय रॉडच्या चेकनट काकांनी स्वतः हलवून बघितल्या.

ब्रेकवर गाडी आता सरळ थांबते. 'खट' गेलं. पण नवीनच काहीतरी जाणवतंय: मोकळ्या, सपाट रस्त्यावर हात सोडला तर गाडी हळूच उजवीकडे जाते. आधी जात नव्हती. काका म्हणतात, टायर बसू द्या. मला ते उत्तर पटलं नाही.

पाना_सतरा

उत्तम काम केलंय, काकांना माझा नमस्कार सांगा.

उजवीकडे ओढायचं कारण माझ्या अंदाजानं असं. डावं चाक उजव्यापेक्षा अजूनही २५ मिनिटं जास्त आत कललेलं आहे. ज्या बाजूचं चाक कमी कललेलं, गाडी तिकडे ओढते, म्हणजे उजवीकडे. पूर्वी हा फरक दुपटीहून जास्त होता, तरी तुम्हाला कळलं नाही, कारण डावीकडचं फाटकं बुश गाडीला उलट ओढत असणार, आणि आपल्याकडे रस्त्याचा उतारही डाव्या कडेला असतो. दोन वाकडं मिळून एक सरळ झालं होतं. आता एक वाकडं काढलंत, दुसरं दिसायला लागलं.

पण आधी एक स्वस्तातली परीक्षा करा. पुढचे दोन्ही टायर, म्हणजे जे मागून आणलेत ते, डावे-उजवे अदलाबदल करून तोच रस्ता चालवा (बाण नसेल तरच). ओढ डावीकडे गेली तर दोष टायरमध्ये आहे. उजवीकडेच राहिली तर स्ट्रट किंवा नकल वाकलंय, आणि तेव्हा स्ट्रट उघडावा लागेल. बोल्टच्या मोकळीकीत आणखी मिळणार नाही, तेवढी काकांनी वापरली.

हवापाणी

पुण्याला जायचं की नाही ते सांगा ना त्यांना.

पाना_सतरा

ब्रेकवर सरळ थांबतेय, ढिलाई नाही, नक्षी आहे. जा. दोन हजार किमी झाले की पुढच्या डाव्याची आतली आणि बाहेरची कड पुन्हा मोजा आणि इथे टाका.

सुदामानगरची

आज सकाळी अदलाबदल करून सुपर कॉरिडॉरवर चालवली. उजवीकडेच जाते, पण मला वाटतं थोडी कमी. आई शेजारी बसली होती, ती म्हणते काही फरक नाही. काकांनी आजची मापं खडूनं पाटीवर लिहून ठेवलीत, आणि पोराला सांगितलंय की ती पुसायची नाही.

ग्वाल्हेरकर_बंड्या

स्कूटरचा टायर बदलला. आता नवा मागे टाकलाय, बरोबर ना?